नदी उजव्या हाताला ठेवून

ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलणाऱ्या माणसाला ओंकारेश्वराचे दर्शन मिळत नाही. देऊळ मांधाता बेटावर आहे. बेटाच्या एका अंगाने नर्मदा वाहते, दुसऱ्या अंगाने तिचाच फाटा, ज्याला तिथे कावेरी म्हणतात. बेटावर जायचे तर पुलावरून किंवा नावेतून नर्मदा ओलांडावी लागते, आणि संकल्प सोडल्यापासून परिक्रमा पुरी होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही हा पहिला नियम आहे. म्हणून परिक्रमावासी दक्षिण तटावर, गोमुख घाटाच्या बाजूला संकल्प करतो, तटावरच्याच ममलेश्वराला हात जोडतो, कुपीत नर्मदाजल भरून घेतो आणि समोर दिसणाऱ्या शिखराकडे न जाता पश्चिमेची वाट धरतो. दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, तिथून उत्तर तटाने अमरकंटकपर्यंत आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर, अशी ही फेरी. नदीची लांबी 1312 किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून 2600 किलोमीटरांहून जास्त. पारंपरिक मुदत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. आज बहुतेक जण ती चार-सहा महिन्यांत चालतात. एवढे झाल्यावर मगच तो बेटावर जातो आणि कुपीतले जल ओंकारेश्वराला वाहतो.

ज्या देवाच्या दारातून निघायचे त्याच देवाला पाठमोरे होऊन जायचे, हा क्रम विचित्र वाटतो. पण परिक्रमेला एवढे मोल का, या प्रश्नाचे उत्तर मला याच क्रमात दिसते. यात्रा ही कुठेतरी पोहोचण्यासाठी असते. पंढरपूरला पोहोचलो की वारी फळाला येते. परिक्रमा त्याच्या उलट आहे. तिच्यात जे पवित्र आहे ते पहिल्या पावलापासून शेजारी असते, दिसत असते, आणि तरीही त्याच्यावर चढायचे नाही, त्यात शिरायचे नाही, ते ओलांडायचे नाही. अंतर, कष्ट, पुण्याचा हिशेब हे सगळे या एका बंधनाभोवती उभे राहिले आहे. डोंगराच्या फेरीत हे बंधन सहज नजरेत येत नाही, कारण डोंगर मध्ये उभा असतोच आणि त्याला वळसा घालणे सोपे असते. नदीला मात्र मध्य नाही. ती एक वाहती रेघ आहे. रेघेभोवती वर्तुळ काढायचे तर ते नियमांनीच काढावे लागते, म्हणून परिक्रमा म्हणजे काय हे तपासायला नर्मदेइतके चांगले उदाहरण नाही.

आधी जुना पुरावा पाहू. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांची रचना पाहिली की सभागृहाच्या टोकाला, अर्धगोल भिंतीच्या पुढ्यात, दगडातच कोरलेला स्तूप दिसतो, आणि खांबांची रांग त्याच्या मागून वळून पुन्हा दाराकडे येते. खांब आणि भिंत यांच्यामध्ये माणूस चालू शकेल एवढी वाट सोडलेली आहे. कातळ फोडून घडवलेल्या वास्तूत मोकळी जागा फुकट मिळत नसते, ती छिन्नीने मिळवावी लागते. स्तूपामागची ही वाट कोरणाऱ्यांनी त्यासाठी हेतुपूर्वक श्रम घेतले आहेत. आणि स्तूप स्वतः भरीव आहे. त्याला दार नाही, गाभारा नाही, आत जाण्यासारखे काहीच नाही. त्याच्याशी माणसाने करायची मुख्य कृती एकच उरते, भोवती फिरणे. सांचीच्या मोठ्या स्तूपालाही कठड्याच्या आत जमिनीवर एक आणि वर चौथऱ्यावर एक असे दोन प्रदक्षिणापथ आहेत, पण आत जाणारा एकही रस्ता नाही.

शंकराच्या देवळातली प्रदक्षिणा याहून बोलकी आहे. पिंडीवरचे अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते ती ओलांडायची नाही, म्हणून भक्त पन्हळीपर्यंत जातो, तिथून मागे वळतो, उलट्या बाजूने पुन्हा पन्हळीच्या दुसऱ्या अंगापर्यंत येतो आणि परत फिरतो. वर्तुळ पुरे होतच नाही. प्रदक्षिणेचे सार जर गोल फिरण्यात असते तर हा नियम तिच्या मुळावरच आला असता. इथे गोलाई सोडून दिली आहे आणि न ओलांडणे राखले आहे. दोहोंत निवड करायची वेळ आली तेव्हा परंपरेने काय निवडले हे यातून कळते. नर्मदेच्या बाबतीतही जलहरी परिक्रमा नावाचा एक कठीण प्रकार सांगितला जातो. त्यात समुद्राच्या टोकालाही पाणी ओलांडत नाहीत, आल्या तटाने मागे फिरतात आणि उगमाला वळसा घालून दुसरा तट चालतात. अंतर जवळपास दुप्पट होते. फार थोडे लोक ती करतात, पण तिचे तर्कशास्त्र शिवालयातल्या अर्ध्या प्रदक्षिणेचेच आहे.

परिक्रमेची प्रचलित असलेली दुसरी स्पष्टीकरणेही आहेत आणि त्यांची दखल घ्यायला हवी. सगळ्यात परिचित म्हणजे सूर्याचे. सूर्य पूर्वेकडून दक्षिणेकडून पश्चिमेकडे जातो, माणूस त्याचे अनुकरण करत उजवा हात देवाकडे ठेवून फिरतो, असे ते मत. दिशेपुरते ते पटण्यासारखे आहे. अंत्यविधीत आणि पितृकार्यात फेरी उलटी घालतात, म्हणजे दिशेला अर्थ आहे हे उघडच आहे. पण दिशा कशी ठरली हे सांगितल्याने फेरी का घालायची हे कळत नाही. कैलासाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. तिबेटातल्या त्या पर्वताची फेरी सुमारे 52 किलोमीटरांची, तिच्यातली डोल्मा खिंड 5600 मीटरांहून उंच. हिंदू, बौद्ध आणि जैन पर्वत उजव्या हाताला ठेवून चालतात. तिबेटातल्या बोन धर्माचे लोक त्याच वाटेवर डाव्या हाताला ठेवून चालतात, म्हणजे ते समोरून येतात. सूर्याचे अनुकरण हाच गाभा असता तर दोघांपैकी एकाची फेरी निरर्थक ठरायला हवी होती. प्रत्यक्षात दिशेवर मतभेद असलेले हे सारे एका गोष्टीवर एकमताने उभे आहेत: शिखरावर पाय ठेवायचा नाही. दुसरे स्पष्टीकरण असे की पवित्र डोंगर हा विश्वाचा मध्य मानला जातो आणि त्याभोवती फिरणारा आपली जागा विश्वात निश्चित करतो. कैलास, मेरू, अरुणाचल यांना ते लागू पडते. नर्मदेला पडत नाही. जिचा उगम मैकल डोंगरात आणि शेवट खंबातच्या आखातात, ती कशाचा मध्य असणार? तरी तिची परिक्रमा होते. म्हणजे मध्य असणे ही परिक्रमेची अट नाही. वस्तूला एक मर्यादा आहे आणि आपण तिच्या अलीकडे राहायचे, एवढे पुरते.

आता हे बंधन प्रत्यक्ष चालण्यावर काय परिणाम करते ते बघण्यासारखे आहे, कारण माझ्या मते परिक्रमेचे खरे काम इथे सुरू होते. ओलांडायचे नाही म्हटल्यावर माणूस त्या-त्या तटाशी बांधला जातो. समोरच्या काठावर चांगला रस्ता असेल, ओळखीचा आश्रम असेल, दवाखाना असेल, तरी त्याचा उपयोग नाही. वाटेत येणारे गाव त्याला निवडता येत नाही. नियमांतला दुसरा भाग असा की पैसे, धान्य जवळ साठवायचे नाही, मिळेल त्यावर राहायचे. आता दिवसभर चालणारा, उद्याचे पीठ जवळ नसलेला आणि पलीकडच्या काठावर जाऊ न शकणारा माणूस शेवटी कोणाच्या हाती जातो? ज्या गावात संध्याकाळ होईल त्या गावाच्या. तिथे त्याला 'नर्मदे हर' म्हणून हाक येते. पुरुष असेल तर 'बाबाजी', बाई असेल तर 'माताजी'. 'किती मूर्ती?' असे विचारले जाते, कारण परिक्रमावासी डोक्यांनी मोजत नाहीत, मूर्तींनी मोजतात. आसन लावायला ओसरी किंवा देवळाचा मंडप दाखवतात. मग एक तर शिजवलेले जेवण मिळते, नाही तर सदावर्त. सदावर्त म्हणजे कोरडा शिधा, कणीक, डाळ, मीठ, कधी तेल-तिखट. तो घेऊन ज्याने-त्याने आपली चूल पेटवायची. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला आणि इतरत्र घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभारली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण परिक्रमेचे बहुतेक अन्न आजही राजवाड्यातून आलेले नसून दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरातून आलेले असते.

पावसाळ्याचा नियम याच धाग्याचा. चातुर्मासात चालायचे नाही, एका जागी मुक्काम करायचा. कारण व्यवहारी आहे. नर्मदेच्या उपनद्या त्या काळात दुथडी असतात, तटावरचे ओढे अडवतात, काळ्या मातीत पाऊल टाकवत नाही. पण त्याचा परिणाम असा की तीन वर्षांची परिक्रमा करणाऱ्याला वाटेत तीन पावसाळे कुठल्या ना कुठल्या गावात काढावे लागतात. एवढ्या मुक्कामात माणूस पाहुणा राहत नाही. तो मुलांना शिकवतो, पोथी वाचतो, आजाऱ्याला औषध देतो, भांडणे ऐकतो. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस ही मुदत कष्ट वाढवण्यासाठी ठेवलेली असेल असे मला वाटत नाही. ती तटावरच्या वास्तव्यासाठी आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीला नर्मदा परिक्रमेचा आधार आहे, आणि तिच्यात नदीइतकीच जागा तटावरच्या माणसांना आहे हे योगायोगाने झालेले नाही. अलीकडचे उदाहरण भारती ठाकूर यांचे. त्यांनी 2005-06 च्या सुमारास ही परिक्रमा केली आणि पुढे निमाडातल्या लेपा परिसरात राहून मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. परिक्रमा संपल्यावर तटावरच राहून जाणे हे तिच्यातून सरळ निघणारे पाऊल आहे.

सर्वांत कठोर कसोटी शूलपाणीच्या झाडीची. बडवानीच्या पुढे, आजच्या मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर, सातपुड्याच्या डोंगरांतून नर्मदा जाते तो हा टापू. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके त्यात येतात. काही दशकांपूर्वीपर्यंत इथे परिक्रमावासी लुटला जाणार हे गृहीतच धरलेले असे. भिल्ल येत, झोळी, कांबळे, भांडे, अंगावरचे कपडे काढून घेत आणि एका लंगोटीवर माणसाला पुढे सोडत. परिक्रमेच्या कितीतरी कथनांत हा प्रसंग येतो. परंपरेने या लुटारूंना 'मामा' म्हटले. नर्मदा आई, तर तिच्या काठचे हे रहिवासी मामा, आणि त्यांनी घेतले ते मैयानेच परत घेतले, असे समजायचे. लूट ही लूटच होती आणि तिला श्रद्धेचा रंग देणे म्हणजे हिंसेवर पांघरूण घालणे, असा आक्षेप इथे घेता येईल. तो अगदी सोडून देण्यासारखा नाही. पण आधी हे पाहावे की या समजुतीने काय साधले. उपाशी आणि रानात कोंडलेल्या समाजाला शत्रू न ठरवता नात्यात बसवले. परिक्रमावासी फिर्याद द्यायला जात नसे, हत्यार बाळगत नसे, वाट बदलून जात नसे. बदलणार कशी, नदी ओलांडायची नव्हती. झाडीच्या पलीकडच्या गावांनाही पुढे येणारा माणूस नागवा येणार हे माहीत असे आणि ती कपडे तयार ठेवत. घेणारे आणि देणारे दोघेही एकाच फेरीचे भाग होते. आज ती लूट जवळपास थांबली आहे, आणि त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर परिक्रमावाशांना भाकर आणि निवारा मिळतो.

आता मोठे आक्षेप. पहिला असा की हे सगळे सुंदर वर्णन बाजूला ठेवा, सामान्य माणूस फेरी घालतो ती पुण्यासाठी, आणि पुण्याचा हिशेब सरळ आकड्यांत होतो. कैलासाची अश्ववर्षातली एक फेरी तेरा फेऱ्यांच्या बरोबरीची मानतात, म्हणून 2014 साली तिथे गर्दी उसळली होती. तिरुवण्णामलैला पौर्णिमेच्या रात्री अरुणाचलाची 14 किलोमीटरांची गिरिप्रदक्षिणा करायला लाखो लोक लोटतात. आपल्याकडे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वराला ब्रह्मगिरीच्या फेरीला तसेच होते. गुजरातेत तिलकवाड्याजवळ नर्मदा काही अंतर उत्तरेकडे वाहते. चैत्रात तेवढ्या भागाची सुमारे 20 किलोमीटरांची उत्तरवाहिनी परिक्रमा एका दिवसात केली तर संपूर्ण परिक्रमेचे पुण्य मिळते अशी श्रद्धा आहे, आणि तिच्यात तर नदी ओलांडावीच लागते. म्हणजे ज्या नियमाला मी गाभा म्हणतो तो तिथे उरत नाही. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करण्यात मला अडचण नाही. पण पुण्याचा हिशेब आणि कृतीचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस कशासाठी निघतो हे एक, आणि निघाल्यावर त्याच्यावर काय घडते हे दुसरे. एका दिवसाच्या फेरीत दुसरे जवळजवळ घडत नाही. तिच्यात तटावरचे गाव पाणपोईपुरते भेटते आणि संध्याकाळी बस गाठायची असते. म्हणून उत्तरवाहिनी परिक्रमा खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्या मजुराला किंवा शेतात अडकलेल्या बाईला सहा महिने मिळणे शक्य नाही त्यांच्यासाठी परंपरेने ठेवलेला तो मार्ग आहे. मात्र ती संपूर्ण परिक्रमेचे प्रतीक आहे, तिचा पर्याय नाही. गोवर्धनाची 21 किलोमीटरांची फेरी काही जण लोटांगण घालत करतात आणि त्याला अनेक दिवस घेतात, यावरून दिसते की फेरी लवकर उरकण्याची मुभा असतानाही लोक ती मुद्दाम लांबवतात. केवळ आकडा हवा असता तर त्यांनी तेवढ्या दिवसांत चालत कितीतरी फेऱ्या घातल्या असत्या.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. पगार, निवृत्तिवेतन, घर असलेला मध्यमवर्गीय माणूस, त्यात मराठी माणसे पुष्कळ, परिक्रमेला जातो आणि ज्याच्या घरी वर्षाचे धान्य नीट पुरत नाही त्याच्याकडून सदावर्त घेतो. हे अपरिग्रह आहे की गरिबावर टाकलेला भार? यावर नेहमीचे उत्तर असे की देणाऱ्याला देण्यात समाधान असते. ते खरे असेलही, पण घेणाऱ्याने ते सांगणे शोभत नाही. माझे उत्तर वेगळे आहे. आदान एकतर्फी राहणार नाही अशी सोय जुन्या व्यवस्थेत मुदतीमुळे होती. चातुर्मासाच्या मुक्कामात परिक्रमावासी गावाला वेळ, ज्ञान, श्रम देत असे. परिक्रमा पुरी झाल्यावर कन्याभोजन आणि कढाई, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद करून वाटणे, हाही परतफेडीचाच भाग. मुदत चार महिन्यांवर आली, चातुर्मास टाळून दिवाळीनंतर निघणे आणि उन्हाळ्यात संपवणे रूढ झाले, आणि घेणे तेवढेच राहून देण्याची जागा मात्र गेली. त्यात चालणाऱ्यांची संख्या वाढली, आणि सगळे एकाच हंगामात निघतात, म्हणून एकाच गावावर रोज पंचवीस-पन्नास मूर्ती येण्याची वेळ येते. अशा काळात आपली शिदोरी आपण घेणे, शिधा घेतला तर त्याचे मोल कुठल्या ना कुठल्या रूपाने गावात ठेवणे, हा नियमभंग न मानता नियमाच्या हेतूचे पालन मानले पाहिजे.

तिसरा आक्षेप काळाने आणला. ज्या नदीची परिक्रमा करायची ती उरली आहे का? बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या चार मोठ्या धरणांनी नर्मदेचा बराचसा भाग जलाशय झाला आहे. सरदार सरोवराची उंची 138.68 मीटर झाली, 2017 साली ते राष्ट्राला अर्पण झाले आणि 2019 च्या पावसाळ्यात प्रथमच पूर्ण भरले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ त्याआधीच बुडाले होते. शूलपाणीच्या झाडीतली काठाची पायवाट गेली. जलाशयात तट ही स्थिर गोष्ट राहत नाही. पावसाळ्यानंतर पाणी वर चढते, उन्हाळ्यात खाली जाते आणि मध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पूर्वी गुडघाभर पाण्यातून ओलांडली जाणारी उपनदी आता मैलभर रुंद फाटा होते आणि तिला वळसा घालायला दिवस मोडतो. परिक्रमावासी म्हणून डोंगरातल्या वाटांनी, नाही तर नदीपासून दूर डांबरी रस्त्याने जातात. दिवसच्या दिवस नदी दिसत नाही. ती उजव्या हाताला आहे हे फक्त माहीत असते.

कालव्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. सरदार सरोवरातून नर्मदेचा मुख्य कालवा उत्तर तटावरून निघतो आणि गुजरातेत 458 किलोमीटर वाहून राजस्थानात शिरतो. म्हणजे भरूचहून उत्तर तटाने पूर्वेकडे जाणाऱ्या प्रत्येक परिक्रमावाशाला हा कालवा कुठेतरी ओलांडावाच लागतो, आणि कालव्यात नर्मदेचेच पाणी असते. नियम अक्षरशः घेतला तर उत्तर तटाने चाललेली कुठलीही परिक्रमा आज खंडितच होते. पण कालवा ओलांडल्याने परिक्रमा मोडली असे चालणारे मानत नाहीत, आणि मला ते योग्य वाटते. नियम पाण्याविषयी कधीच नव्हता. पाणी तर कुपीतून सोबतच असते, वाटेत ठिकठिकाणी थोडे ओतून नवे भरून घेतात. नर्मदेचे पाणी इंदूरच्या नळाला 1978 पासून येते आणि 2014 पासून क्षिप्रेत सोडले जाते. तिथले लोक ते पाणी रोज पितात, वापरतात. नियम आहे तो पात्राविषयी, म्हणजे नदीने स्वतः आखलेल्या मर्यादेविषयी. समुद्राच्या टोकाला हेच दिसते. दक्षिण तटावर विमलेश्वरला लोक भरतीची वाट पाहत थांबतात, मग नाव त्यांना काही तासांत पलीकडे मिठी तलाईला पोहोचवते. हे ओलांडणेच आहे, पण नदीचे नाही असे मानतात, कारण तिथे नदीचे काठ सुटलेले असतात आणि पाणी खारे झालेले असते. दुसऱ्या टोकाला अमरकंटकात उगमाच्या कुंडावरून न जाता 'माई की बगिया'च्या मागून वळतात. दोन्ही टोकांना प्रश्न एकच: नदी कुठे सुरू होते आणि कुठे संपते. शरीराने चालून तो प्रश्न सोडवावा लागतो.

यावरून वाहनाने होणाऱ्या परिक्रमेविषयीही मत बनवता येते. बसने किंवा मोटारीने पंधरा-वीस दिवसांत फिरणारे लोक नदी न ओलांडण्याचा नियम काटेकोर पाळतात. रस्ते शोधून-शोधून, पूल टाळून जातात. उलट जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी 1977 पासून तटावरची पदयात्रा तुकड्यातुकड्यांनी केली. काही दिवस चालायचे, घरी जायचे, पुढच्या वेळी तिथूनच पुढे. परंपरेच्या अक्षराने पाहिले तर वाहनवाले अधिक शुद्ध ठरतील. पण वेगडांनी एकेक घाट, एकेक धबधबा, एकेक झोपडी पायांनी आणि पेन्सिलीने टिपली. बंधनाचा हेतू माणसाला तटाशी बांधणे हा असेल, आणि सगळा पुरावा मला त्याकडेच नेतो, तर वेगड परिक्रमेच्या आत आहेत. वाहनवाला नियमाच्या आत आहे आणि परिक्रमेच्या काठावर आहे. ज्यांचे गुडघे चालत नाहीत अशा वृद्धांबद्दल मी हे म्हणत नाही. त्यांच्यासाठी वाहन हाच तट गाठायचा उपाय आहे, आणि एखाद्या गावी दोन दिवस थांबले तर तेही तटावरचे होतात.

एक मर्यादा मात्र कबूल करायला हवी. न ओलांडण्याचा नियम नदीला वाचवत नाही. ज्या पात्रात पाऊल ठेवून पलीकडे जायला परिक्रमावासी धजत नाही त्याच पात्रातून ट्रॉल्या भरभरून वाळू उपसली जाते. गावांचे आणि शहरांचे सांडपाणी येते. घाटांवर दिवे सोडल्यावर उरणारा कचरा परिक्रमावासीही टाकतात. श्रद्धेने आपोआप संवर्धन होते असे सांगणाऱ्यांनी होशंगाबादच्या, म्हणजे आजच्या नर्मदापुरमच्या, किंवा जबलपूरच्या घाटांवर उभे राहून तसे म्हणावे. परिक्रमा माणसाला काठावर आणून उभी करते, पुढचे काम ती करत नाही. परिक्रमा जगवायची असेल तर करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. जलाशयांच्या कडेने पाण्याच्या वरच्या पातळीबाहेरून पायवाट आखणे, उपनद्यांच्या फाट्यांवर पादचारी सेतू किंवा नावेची सोय करणे, आणि ज्या पाड्यांवरून आता लोक जातात तिथे निवाऱ्याचा आणि शिध्याचा भार पंचायतीने एकट्या पाड्यावर पडू न देणे. आज घाट रुंद करण्यावर आणि मोटारींसाठी रस्ते बांधण्यावर जो खर्च होतो तो प्रवाशाला नदीपर्यंत लवकर पोहोचवतो. पायवाटेवर केलेला खर्च त्याला तिच्याजवळ जास्त दिवस ठेवेल.